तुम्ही आलात आणि टपरीवरच्या गप्पा थांबल्या!

कालपर्यंत ज्यांच्या खांद्यावर हात टाकून बॉसची टिंगल केली, त्यांचाच बॉस होण्याची वेळ आली तर? प्रमोशनच्या पेढ्यांसोबत एक एकटेपणही येतं. त्याचं काय करायचं?

प्रमोशनचं पत्र मिळालं. घरी फोन झाला, आईने देवापुढे साखर ठेवली, टीमला पार्टी दिलीत. पार्टीत सगळे ओरडले, ‘आता आपलाच माणूस बॉस, आता ऐश!’ तुम्हालाही तसंच वाटलं. तीन वर्षं ज्यांच्या शेजारी बसून काम केलं, एकाच डब्यातली भाजी खाल्ली, ती आपलीच तर माणसं.

मग सोमवार उजाडला. नेहमीसारखे अकरा वाजता खाली टपरीवर गेलात. चौघं उभे होते, हसत होते. तुम्ही आलात आणि हसणं थांबलं. कुणीतरी म्हणालं, ‘अरे, ये ये, चहा घे.’ पण विषय बदलला. पावसावर आला. ट्रॅफिकवर आला.

बुधवारी लक्षात आलं की जुना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप एकदम शांत झालाय. आधी दिवसाला शंभर मेसेज पडायचे, आता फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा. ग्रुप बंद पडलेला नाही, फक्त दुसरीकडे गेलाय. नवा ग्रुप निघालाय आणि त्यात तुम्ही नाही.

आणि शुक्रवारी मीटिंगमध्ये तुमचा सगळ्यात जवळचा दोस्त, आपण त्याला मन्या म्हणू, सगळ्यांसमोर म्हणाला, ‘हो, चालेल, तुम्ही म्हणाल तसं.’

तुम्ही?

तीन वर्षं अरे-तुरे केलेल्या माणसाने ‘तुम्ही’ म्हटलं की ते किती लांबून आल्यासारखं वाटतं, हे ज्याला ऐकावं लागलंय त्यालाच कळतं. त्या रात्री तुम्ही घरी गेलात आणि पगार वाढल्याचा आनंद कुठे हरवला ते शोधत बसलात.

असं होत असेल तर आधी एक गोष्ट ऐका. तुम्ही काही चुकीचं वागलात म्हणून हे झालेलं नाही आणि तुमचे दोस्तही वाईट नाहीत. खुर्ची बदलली की काही गोष्टी बदलतातच. त्या नेमक्या कोणत्या, हे कळलं तर निम्मा ताण कमी होतो.

नेमकं बदललं काय?

पहिली बदललेली गोष्ट म्हणजे तुम्हाला काय काय माहीत असतं ती. आता टीममधल्या सगळ्यांचे पगार तुम्हाला दिसू शकतात. कुणाचं पुढच्या प्रोजेक्टमध्ये नाव नाही, कुणाविषयी क्लायंटने तक्रार केली, कुणी आजारपणाचं खरं कारण फक्त तुम्हालाच सांगितलं, हे सगळं तुमच्या पोटात. आणि मन्या सहज विचारतो, ‘काय रे, वरती काय शिजतंय?’ उत्तर माहीत असून ‘काही नाही’ म्हणावं लागतं. मैत्रीत आपण सगळं सांगतो, ती सवय असते. आता रोज दहा वेळा जीभ चावावी लागते. एकटेपणाचा मोठा भाग इथून येतो. माणसं आजूबाजूला असतात, बोलायची सोय नसते.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांच्या आयुष्यातल्या काही गोष्टी आता तुमच्या सहीवर अडतात. रजा, शिफ्ट, रेटिंग, घरून काम. तुम्ही कितीही साधे राहिलात तरी त्यांना हे विसरता येत नाही. तुम्ही टपरीवर आलात की ते गप्प होतात, कारण त्यांना बॉसबद्दल बोलायचं असतं आणि बॉस समोर उभा असतो. आठवा ना, मागच्या बॉसबद्दल तुम्ही तिथेच उभं राहून काय काय बोलायचात!

तिसरी गोष्ट कुणी आधी सांगत नाही. जुना गट सुटतो, पण नवा गट लगेच मिळत नाही. वरचे मॅनेजर तुमच्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठे, त्यांच्या गप्पा मुलांच्या शाळेच्या आणि घराच्या हप्त्याच्या. तिथे तुम्ही अजून ‘नवीन पोरगं’ किंवा ‘नवीन पोरगी’. खालच्यांना तुम्ही वरचे आणि वरच्यांना तुम्ही खालचे. मधल्या जिन्यावर उभं असल्यासारखं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या प्राध्यापक लिंडा हिल यांनी नव्याने मॅनेजर झालेल्या १९ जणांच्या पहिल्या वर्षाचा बारकाईने अभ्यास केला आणि १९९२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं की, नव्या मॅनेजरला वाटत असतं, आता अधिकार मिळाला, आपण सांगू तसं होईल. प्रत्यक्षात पहिल्या काही महिन्यांतच कळतं की आपण सांगितलं म्हणून कुणी ऐकत नाही. उलट आपण आता इतरांच्या कामावर जास्त अवलंबून आहोत. काम शिकण्यापेक्षा या भूमिकेचा भावनिक भार त्यांना जास्त जड गेला. म्हणजे रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येणारे तुम्ही पहिले नाही.

दोन सोपे रस्ते, दोन्ही खड्ड्यात

हे एकटेपण सहन होत नाही तेव्हा बहुतेक जण दोनपैकी एक रस्ता धरतात.

पहिला रस्ता, ‘काहीच बदललेलं नाही’ असं वागायचा. रोज टपरी, रोज त्याच चेष्टा, वर कंपनीला आणि आपल्याच बॉसला दोन शिव्या जास्त. कुणाचं काम राहिलं तर त्याला बोलायचं नाही, रात्री बसून स्वतःच करून टाकायचं. सहा आठवड्यांत तुमच्याकडे दोन नोकऱ्या होतात, एक जुनी आणि एक नवी. आणि ज्या दिवशी कुणाला तरी ‘नाही’ म्हणावं लागतं त्या दिवशी तो म्हणतो, ‘मग इतके दिवस दोस्त असल्याचं नाटक होतं का?’

दुसरा रस्ता, एकदम साहेब व्हायचा. टपरी बंद, डबा केबिनमध्ये, मेलला तीन जणांना मार्क केलेलं, प्रत्येक गोष्टीचा तासातासाला हिशेब. यामागे बहुतेक वेळा गर्व नसतो, भीती असते. ‘आपले म्हणून ते आपल्याला हलक्यात घेतील’ ही भीती. टीम तोंडावर ‘हो’ म्हणते आणि खऱ्या अडचणी सांगायचं बंद करते. मग प्रॉब्लेम तुम्हाला क्लायंटकडून कळतो.

तुम्ही कोणत्या रस्त्यावर आहात हे ओळखायची सोपी खूण आहे. रात्री उशिरापर्यंत दुसऱ्यांचं राहिलेलं काम तुम्ही करत असाल, तर पहिल्या. आणि गेल्या दोन आठवड्यांत कुणीही तुम्हाला एकही वाईट बातमी आपणहून सांगितली नसेल, तर दुसऱ्या.

यातून वाट कशी निघते ते एका खऱ्याखुऱ्या वाटणाऱ्या पेचातून बघू. पेच असा, जो आपल्याकडे दरवर्षी येतो.

पेच गणपतीच्या रजेचा

समजा, तुम्ही जुलैमध्ये टीम लीड झालात. सपोर्टचं काम, म्हणजे सणावारालाही फोन वाजणार. टीममध्ये तुम्ही सोडून सात जण. रोज किमान चार जण हवेतच, म्हणजे एका दिवशी जास्तीत जास्त तिघांना रजा.

गणपतीला पाच जणांना रजा हवी आहे. तिघं कोकणातले. त्यांना चतुर्थीच्या आदल्या दिवसापासून गौरी-गणपतीच्या विसर्जनापर्यंत गावी राहायचंय. दोघी मराठवाड्यातल्या. त्यांच्या घरी महालक्ष्म्या असतात, त्यांना गौरींचे तीन दिवस हवेत. चतुर्थीला अडचण नाही, तीन जण मागतात, तीन जणांना मिळते. पण गौरींच्या तीन दिवसांत पाच जण मागतात. दोघांना ‘नाही’ म्हणावं लागणार.

त्या पाचांत मन्या आहे. त्याने दोन महिने आधी, बुकिंग उघडलं त्या दिवशीच, सकाळी उठून कोकण रेल्वेचं जाण्या-येण्याचं तिकीट काढलंय. त्याने तुम्हाला विचारलंही नाही. का विचारेल? गेली दोन वर्षं त्याच्या गणपतीत त्याची शिफ्ट तुम्हीच तर केली होतीत. दोस्त म्हणून.

आता काय कराल?

मनात पहिला विचार येतो, मन्याची रजा गुपचूप मंजूर करावी आणि त्या तीन दिवसांत त्याच्या जागी आपणच बसावं. कुणाचं नुकसान नाही ना? आहे. महालक्ष्म्यांसाठी थांबलेल्या दोघींना ते त्याच दिवशी कळतं. ज्या गोष्टी आपल्याला गुपचूप वाटतात त्या टीममध्ये सर्वांत आधी कळतात. शिवाय पुढच्या वेळी कुणीही म्हणेल, ‘माझ्याही जागी बसा की.’ आणि तुम्ही फोन घेत बसलात तर तीन दिवस लीडचं काम कोण करणार?

दुसरा विचार येतो तो याच्या अगदी उलट. ‘मी पक्षपाती नाही’ हे दाखवायला सगळ्यात आधी मन्यालाच नाही म्हणायचं. हे बाहेरून फार ताठ कण्याचं वाटतं, पण हाही पक्षपातच आहे. मन्या दोस्त आहे म्हणून त्याला कमी मिळालं. त्याला ते बरोबर कळतं आणि तो ते विसरत नाही.

तिसरा, सगळ्यात मोहाचा विचार म्हणजे ‘मला काय रे, मी दिली असती, पण वरून नाही आलंय.’ वाईटपणा वरच्यांच्या माथी, दोस्ती शाबूत. एकदा चालतं. दुसऱ्यांदा टीमला कळतं की तुमच्या हातात काही नाही, मग तुमच्याशी बोलायचं तरी कशाला? ते थेट तुमच्या बॉसकडे जायला लागतात.

मग करायचं काय? आधी नियम ठरवायचा, मग नावं बघायची. क्रम महत्त्वाचा. नावं आधी बघितली की नियम आपोआप आपल्या माणसाच्या बाजूने वाकतो. नियम साधा असू दे. उदाहरणार्थ, ‘गेल्या वर्षी ज्यांना या दिवसांत रजा मिळाली नाही, त्यांना यंदा आधी.’ आता गेल्या वर्षीची यादी काढा. समजा, दोघी मराठवाड्यातल्या आणि कोकणातली एक जण, या तिघींना गेल्या वर्षी मिळाली नव्हती. मन्याला आणि आणखी एकाला मिळाली होती. उत्तर निघालं. मन्या आणि तो दुसरा चतुर्थीला जातील, पण गौरी यायच्या आधी परत यावं लागेल.

आता खरा अवघड भाग. हे टीमसमोर सांगण्याआधी मन्याला एकट्याला सांगायचं. चॅटवर नाही, समोर बसून. आणि सुरुवात गोल गोल करायची नाही. काहीसं असं:

‘मन्या, गौरींच्या तीन दिवसांची रजा यंदा तुला मिळणार नाहीये. पाच जणांनी मागितलीय आणि तिघांनाच देता येते. गेल्या वर्षी ज्यांना मिळाली नव्हती त्यांना आधी द्यायची असं मी ठरवलंय. हे मी ठरवलंय, वरून आलेलं नाही. तू तिकीट काढलंयस हे मला माहितीये. मी हे दोन महिने आधीच विचारायला हवं होतं, ते माझं चुकलं. चतुर्थीची रजा पक्की आहे. परतीचं काय करता येईल ते बघू या का?’

या बोलण्यात काय काय आहे बघा. निर्णय पहिल्याच वाक्यात आहे. कारण आहे. जबाबदारी स्वतःकडे घेतली आहे. जिथे खरंच चुकलं तिथे माफी आहे, पण निर्णयासाठी माफी नाही. आणि ‘तू समजून घेशील ना?’ हा प्रश्न नाही. तो विचारायचा मोह फार होतो. पण त्याचा अर्थ असा होतो की, त्याला दुखवल्यावर पुन्हा त्यानेच तुमची समजूत काढावी.

मन्या बहुधा चिडेल. म्हणेल, ‘दोन वर्षं तर जमत होतं.’ किंवा नुसतं म्हणेल, ‘ठीक आहे, तुम्ही बॉस.’ तिथे वाद घालू नका. दोन वर्षं जमत होतं, कारण तेव्हा तुम्ही तुमची स्वतःची सुट्टी त्याला देत होतात. आता तुम्ही जे देणार ते दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याचं असणार. हा फरक आज त्याला पटणार नाही. तो पटवून द्यायचा हट्ट सोडा. त्याला रागवायचा हक्क आहे.

मग टीमसमोर नियम सांगा, यादी सगळ्यांना दिसेल अशी ठेवा आणि पुढच्या वर्षी या तारखांची विचारणा रेल्वेचं बुकिंग उघडण्याआधीच होईल हेही तिथेच जाहीर करा. तुमची चूक दुरुस्त झाल्याचं टीमला दिसलं पाहिजे.

त्या आठवड्यात तुम्हाला वाईट वाटेल. वाटू दे. निर्णय चुकला म्हणून वाईट वाटणं वेगळं आणि निर्णय बरोबर असून दोस्त दुखावला म्हणून वाईट वाटणं वेगळं. पहिल्यात निर्णय बदलायचा असतो. दुसऱ्यात फक्त ते सहन करायचं असतं.

रेटिंगचा महिना

रजेचा पेच सुटतो, पण वर्षातला सगळ्यात एकटा महिना म्हणजे रेटिंगचा. बऱ्याच कंपन्यांत पद्धत अशी असते की, लीड आपल्या टीमची रेटिंग सुचवतो. मग विभागातले सगळे लीड आणि मॅनेजर एका खोलीत बसतात आणि सगळ्या टीमची रेटिंग एकमेकांशी ताडून बघतात. वरच्या रेटिंगच्या जागा ठरलेल्या असतात. समजा, विभागात तीस जण आहेत आणि सर्वांत वरचं रेटिंग सहा जणांनाच द्यायचंय. तुम्ही तुमच्या सातांतून दोन नावं नेलीत, त्यात एक मन्या. दोन तास चर्चा झाली आणि तुमच्या वाट्याला एकच जागा आली.

पहिल्यांदा लीड झालेली माणसं इथे बहुतेक वेळा तयारीशिवाय जातात. ‘तो फार चांगलं काम करतो हो’ एवढंच त्यांच्याकडे असतं. समोरचा जुना मॅनेजर तारखा आणि कामं वाचून दाखवतो आणि जागा घेऊन जातो. म्हणून पहिल्या महिन्यापासून प्रत्येकाच्या नावाची एक वही ठेवा. दर पंधरा दिवसांनी दोन ओळी. कुणी काय केलं, कधी केलं, त्याने काय फरक पडला. ही वही तुमच्या टीमसाठी त्या खोलीत भांडते. आणि ती तुम्हालाही सांभाळते. कारण मन्याबद्दल मनात प्रेम आहे की तो खरंच चांगला आहे, हे वर्षाच्या शेवटी नुसतं आठवून कळत नाही. वही बघून कळतं.

बाहेर आल्यावर मन्याला काय सांगायचं? ‘मी तर तुझं नाव दिलं होतं, त्यांनी कापलं’ हे ओठांवर येतं आणि ते खरंही असतं. तरी ते म्हणू नका. त्या खोलीतली चर्चा बाहेर सांगायची नसते. शिवाय त्या वाक्याने मन्याच्या हातात काहीच पडत नाही. त्याला हे सांगा की, त्याला मिळालेलं रेटिंग कोणत्या कामांवर आधारलेलं आहे, वरच्या रेटिंगसाठी नेमकी कोणती दोन कामं कमी पडली आणि ती पुढच्या सहा महिन्यांत मिळवून द्यायला तुम्ही काय करणार आहात.

आणि हे त्याला वर्षाच्या शेवटी पहिल्यांदाच कळत असेल, तर चूक तुमची आहे. रेटिंगच्या दिवशी कुणालाही धक्का बसता कामा नये. त्यासाठी महिन्यातून एकदा प्रत्येकाशी अर्धा तास एकट्याने बोला. कामाचा आढावा घ्यायला नाही, तर तीन गोष्टी विचारायला. काय अडतंय? माझ्याकडून काय हवंय? पुढे काय करायचंय? पहिल्या दोन बैठका अवघडल्यासारख्या होतील. मन्याबरोबरची तर सगळ्यात जास्त. कारण त्याच्याशी तुम्ही कधी असं ठरवून बोललेलाच नाही.

त्यातही मन्याने त्याच पदासाठी अर्ज केला असेल आणि त्याला ते मिळालं नसेल, तर पहिल्याच आठवड्यात त्या विषयाला तोंड फोडा. ‘ही जागा तुलाही हवी होती हे मला माहीत आहे. तुझ्या जागी मी असतो तर मलाही खटकलं असतं.’ एवढंच. पुढे उपदेश नको, सांत्वन नको. न बोललेली गोष्ट प्रत्येक मीटिंगमध्ये तुमच्या दोघांच्या मध्ये बसून राहते.

मग बोलायचं कुणाशी?

इतकं सगळं पोटात ठेवायचं तर माणूस फुटेल. बोलायला कुणीतरी हवंच. फक्त ते टीममधलं नको.

सगळ्यात कामाची माणसं म्हणजे तुमच्यासारखेच नवे लीड, पण दुसऱ्या टीमचे. तुमच्याबरोबर त्याच महिन्यात प्रमोशन झालेली आणखी दोन-तीन माणसं कंपनीत नक्की असतील. तीही आत्ता एकटीच डबा खात असतील. एक मेसेज टाका, ‘गुरुवारी चहा?’ त्यांना तुमच्या टीममधली नावं सांगायची गरज नाही. ‘एकाला रजा नाकारली, तो बोलत नाहीये’ एवढ्यावर त्यांना सगळं कळतं, कारण त्यांच्याकडेही एक मन्या असतो. मधल्या जिन्यावर उभं राहायचंच आहे तर तिथे चार जण तरी असावेत.

दुसरं माणूस म्हणजे तुमचा स्वतःचा बॉस. ‘मला जमत नाहीये असं वाटेल’ म्हणून आपण त्याच्यापासून लपवतो. सगळं सांगू नका, पण अडलेला एक प्रश्न घेऊन जा. ‘मला टेन्शन आलंय’पेक्षा ‘तुम्ही पहिल्यांदा लीड झालात तेव्हा जुन्या दोस्ताला कमी रेटिंग कसं सांगितलं?’ असं विचारा. बहुतेक बॉसना अशी एखादी जुनी जखम असते आणि ती कुणी विचारलेली नसते.

तिसरं म्हणजे ऑफिसबाहेरचे दोस्त. कॉलेजचे, गल्लीतले, रविवारी क्रिकेट खेळणारे. गेल्या तीन वर्षांत सगळी मैत्री ऑफिसमध्येच झाली आणि हे मागे पडले, असं अनेकांचं होतं. मग ऑफिसमधली खुर्ची बदलली की एका दिवसात सगळंच गेल्यासारखं वाटतं. त्यांना फोन करा. त्यांना तुमच्या पदाशी काही घेणं-देणं नसतं.

आणि शरीराकडे लक्ष ठेवा. नवीन जबाबदारीचा ताण पहिले दोन-तीन महिने असतो, मग हळूहळू ओसरतो. तो ओसरण्याऐवजी वाढत असेल तर कळतं. पहाटे तीनला जाग येते आणि मीटिंगमधलं एकच वाक्य डोक्यात फिरत राहतं. भूक जाते किंवा दिवसभर काहीबाही तोंडात टाकलं जातं. सुट्टीच्या दिवशीही कशात मन लागत नाही. रोज संध्याकाळी ‘एक पेग’ लागायला लागतो. असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर ‘सवय होईल’ म्हणत बसू नका, डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला. अनेक कंपन्यांत मोफत समुपदेशनाची सोय असते, एचआरच्या मेलमध्ये कुठेतरी तो नंबर असतो. नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं.

शेवटी एक पर्याय, जो बोलायला कुणी धजत नाही. वर्षभर प्रामाणिकपणे करून पाहिलं आणि तरी हे काम नकोसं वाटलं, तर परत जाता येतं. काही कंपन्यांत माणसं न सांभाळता, फक्त कामातल्या तज्ज्ञपणावर वर जायचा रस्ता असतो. त्याची चौकशी करणं म्हणजे हरणं नव्हे. फक्त हा निर्णय पहिल्या तीन महिन्यांत घेऊ नका. त्या काळात सगळ्यांनाच पळून जावंसं वाटतं.

पुन्हा टपरीवर

तर मग टपरीवर जायचं की नाही?

जा ना. आठवड्यातून दोनदा जा. चहा प्या, मॅचवर बोला, मन्याच्या गावच्या गणपतीचं विचारा. ऑफिसचं काही काढू नका. आणि दहा मिनिटांत निघा. तुम्ही वळलात की मागे कुजबुज सुरू होईल, हसणं ऐकू येईल. ते तुमच्याबद्दलच असेल. असू दे. टीमला बॉसबद्दल बोलायला एक जागा लागते. ती जागा तुम्हालाही लागायची, आणि तेव्हाचा बॉसही चहा संपवून लवकर निघून जायचा. तो शिष्ट आहे असं आपल्याला वाटायचं. आता कळतंय, तो कदाचित तुम्हाला बोलायला मोकळं सोडत होता.

मन्या पुन्हा ‘अरे’ म्हणेल का? सांगता येत नाही. काही मैत्र्या या वळणावर सुटतात, काही दोनेक वर्षांनी, दोघांपैकी एकाने टीम बदलली की, पुन्हा पहिल्यासारख्या होतात. ते तुमच्या एकट्याच्या हातात नाही. पुढच्या वर्षी गणपतीच्या रजेची यादी तुम्ही वेळेवर लावाल आणि ज्याची पाळी आहे त्याचं नाव त्यात वर असेल. पुढच्या वर्षी पाळी मन्याची आहे. त्याला तिकीट काढायला सांगा.